सहलीतील विद्यार्थी काही काळ न सापडल्याबाबत अहवाल

प्रति,
मा. मुख्याध्यापक

महोदय,

इयत्ता सहावी 'ब'ची सहल काल वस्तुसंग्रहालयात गेली होती. विद्यार्थी ४२, शिक्षक ३. बसमधून उतरताना आणि दुपारी डबा खाल्ल्यावर मोजणी बरोबर आली. ३.१० ला परतीच्या बसमध्ये मात्र ४१ भरले. पुन्हा मोजले, मग हजेरी घेतली. हजेरी क्रमांक १७ चा विद्यार्थी नव्हता.

एक शिक्षक बसमध्ये मुलांजवळ थांबले, दुसऱ्या बाई फाटकावर उभ्या राहिल्या. मी सुरक्षारक्षकांना त्याचा गणवेश आणि निळ्या दप्तराची खूण सांगितली. ३.२० ला आपल्याला व त्याच्या आईला फोन केला. ३.३४ ला तो पहिल्या मजल्यावर, नाण्यांच्या दालनात रक्षकाला सापडला. विसरलेली पाण्याची बाटली आणायला तो एकटाच मागे गेला होता आणि उतरताना चुकीच्या जिन्याने भलत्याच बाजूला पोचला. हरवल्यावर आहे तिथेच थांबायचे, हे सकाळी सांगितलेले त्याने पाळले, म्हणूनच तो लवकर सापडला. त्याला कुठेही इजा नाही. घाबरला होता, पण रडला नाही. आईशी लगेच बोलणे करून दिले.

जोडीदाराने त्याला जाताना पाहिले होते, पण कोणाला सांगितले नाही. त्या मुलाला मी रागावलेले नाही. चूक माझी आहे: दालनातून निघताना मोजणी न करता थेट बसपाशी केली. पुढील सहलीत प्रत्येक दालनाच्या दाराशी मोजणी करू.

आपली विश्वासू,
सहलप्रमुख व वर्गशिक्षिका, सहावी 'ब'