एका खोऱ्यातील वाट : भीमेची नदीप्रणाली आणि पंढरपूरच्या वारीचा तीर्थभूगोल

पवित्र नद्यांचा विचार करताना आपण सहसा एकेक नदी वेगळी काढतो, तिचे माहात्म्य सांगतो आणि तिच्या काठावरील क्षेत्रांची नावे मोजतो. या पद्धतीत नदी ही देवळामागची पार्श्वभूमी ठरते. प्रस्तुत निबंधात दृष्टी उलटी ठेवली आहे. भीमेचे संपूर्ण खोरे हे एकक मानून, त्यात पालख्यांची वाट कशी पडली आहे आणि पाण्याच्या वाहण्याने तिला कोणता अर्थ मिळतो, हे येथे पाहिले आहे.

भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. आळंदी आणि देहू ज्या इंद्रायणीच्या काठी वसली आहेत, ती तुळापूरला भीमेला मिळते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मात्र नदीकाठ धरत नाही. ती पुण्यात येऊन दिवे घाटाने कऱ्हेच्या खोऱ्यात चढते आणि सासवड, जेजुरी, वाल्हे करीत नीरेवर उतरते. दिवे घाट हा मुळा-मुठा आणि कऱ्हा यांच्यामधला जलविभाजक होय. वाटेतली सर्वांत दमछाक करणारी आणि सर्वांत आठवणीत राहणारी चढण याच विभाजकावर यावी, ही बाब वारीच्या अभ्यासकांनी अधिक गंभीरपणे घ्यावी असे मला वाटते. कऱ्हेचे पाणी नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला. म्हणजे पायी चालणारा वारकरी खोरी ओलांडत असला, तरी त्याने ओलांडलेला प्रत्येक प्रवाह त्याच्याच मुक्कामाकडे निघालेला असतो.

नीरास्नानात हे प्रत्यक्ष दिसते. माउलींच्या पादुकांना दत्तघाटावर स्नान घातले जाते आणि मग पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. प्रशासनाच्या लेखी तेथे जिल्ह्याची हद्द आहे, वारकऱ्याच्या लेखी मात्र ते तीर्थ आहे. क्षेत्रकार्याच्या वेळी घाटाच्या कडेला एक वृद्ध बाई ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावत होत्या. हे पाणी का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘आता हीच पुढं चंद्रभागा व्हायची ना, बाबा.’’ नकाशा न पाहता सांगितलेले हे भूगोलाचे विधान अचूक आहे, आणि भक्तीचा आशयही त्यात पुरता आला आहे.

पंढरपुराशी भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, असे सांगितले जाते. नाव बदलते ते एका वळणापुरते, आणि त्या वळणावरच क्षेत्राची सारी रचना उभी आहे. पुंडलिकाचे मंदिर नदीच्या पात्रात आहे, पूर आला की त्याला पाण्याचा वेढा पडतो. वारकऱ्यांच्या भाषेत या पात्रातील वाळूला ‘वाळवंट’ म्हणतात, आणि कीर्तन, फुगडी, दिंड्यांचा मेळा हे सगळे तेथे घडते. वर्षातील काही महिने पाण्याखाली जाणारी ही जागा कुणाच्या मालकीची भिंत पेलू शकत नाही. तिच्या सामूहिकतेचे एक कारण तिच्या या अस्थिरतेत शोधता येते. तरीही नदीचा प्रत्येक अर्थ समतेचाच असतो, असे मानणे चूक ठरेल. परंपरा चोखोबांचे वास्तव्य नदीच्या पलीकडच्या तीरावर सांगते. तेथे हाच प्रवाह देवापासून दूर ठेवणारी रेषा होतो. विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले, यावरून ती रेषा किती टिकाऊ होती हे कळते.

आजच्या तीर्थभूगोलात आणखी एक घटक धरावाच लागतो. 1980 च्या सुमारास पूर्ण झालेले उजनी धरण भीमेवर, नीरेच्या संगमाच्या वरच्या अंगाला आहे. त्यामुळे इंद्रायणीचे पाणी धरणात अडते, तर नीरेचे पाणी उजनी टाळून पंढरपूरकडे येते, अर्थात तिच्या स्वतःच्या खोऱ्यातील धरणांनी सोडले तेवढेच. आषाढीच्या तोंडावर स्नानासाठी उजनीतून पाणी सोडले जाते. पर्वाची तिथी पंचांगाने ठरते, त्या तिथीला पात्र भरलेले असणे हे मात्र आता धरणाच्या दरवाजांवर अवलंबून आहे. आळंदीत इंद्रायणीवर फेस दिसतो तेव्हा ती तक्रार आळंदीपुरती मानली जाते. पण ते पाणी तुळापूर, उजनी या क्रमाने त्याच वळणाकडे येते, जेथे अठरा-एकोणीस दिवसांनी त्याच दिंडीतील माणूस ओंजळ भरतो.