इयत्ता सहावी 'ब'च्या पालकांना: वर्गातल्या चिडवाचिडवीबद्दल

दि. ४ जुलै २०२५

प्रिय पालक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात गटकामाची यादी मुलांनीच तयार केली. एका गटाच्या कागदावर चार नावं होती. तीन खरी, चौथ्या जागी 'ढब्बू'. मी म्हटलं, खोडा आणि पूर्ण नाव लिहा. बाकी तिघांना त्याचं आडनाव आठवेना. शेवटी त्यालाच विचारलं, तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितलं. त्याची कसलीच तक्रार नव्हती, आणि मला तीच गोष्ट जास्त खटकली.

म्हणून सोमवार, ७ जुलैपासून आपल्या वर्गात एक नियम असेल: ज्याला ज्या नावाने हाक मारलेली आवडते, त्याच नावाने हाक मारायची. टोपणनाव चालेल, पण ज्याचं आहे त्याने आपणहून 'चालेल' म्हटलं तरच. हे मी प्रत्येकाला एकेकट्याला विचारणार आहे. चारचौघांत विचारलं की मुलं हसून 'चालतं की' म्हणतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. आज चालतं म्हटलेलं उद्या नको वाटलं, तर तेही सांगता येईल.

जाड्या, काळ्या, चष्मिस, बुटक्या, तोतऱ्या असे अंगावरून, रंगावरून किंवा व्यंगावरून पाडलेले शब्द मात्र परवानगी असली तरी वर्गात नकोत. जात, धर्म, आईवडिलांचं काम, घरची परिस्थिती यांवरून काढलेलेही नकोत. यात 'छपरी' आला. मुलांच्या तोंडी तो सध्या दर दोन वाक्यांनी असतो. अर्थ विचारला, तर एकालाही सांगता आला नाही. कुणाच्या राहणीवरून, गरिबीवरून त्याला हिणवायला हा शब्द वापरतात, हे सांगितल्यावर दोघंतिघं खरोखर गप्प झाले.

आता 'भावा', 'ब्रो', 'राडा', 'भंकस', 'वाट लागली' यांचं काय? मधल्या सुट्टीत खुशाल बोलू द्या. त्यांची भाषा आहे, आपणही त्या वयात अशीच काहीतरी बोलत होतो. उत्तरपत्रिकेत आणि वर्गासमोर बोलताना मात्र प्रमाण मराठी. इतिहासाच्या उत्तरात मला नुकतंच 'मग मोठा राडा झाला' असं वाचायला मिळालं. लढाईचं वर्णन म्हणून चुकीचं नव्हतं, पण गुण देता आले नाहीत.

इथे एक गोष्ट नीट वेगळी काढायला हवी. बोलीभाषा म्हणजे स्लँग नव्हे. वर्गात काही मुलं 'पाणी'ला 'पानी' म्हणतात, 'लोणी'ला 'लोनी'. ती त्यांच्या घरची भाषा आहे आणि तिच्यात काहीही उणं नाही. लिहिताना प्रमाणलेखन मी शिकवेन, पण बोलण्यावरून कुणी 'गावठी' म्हणून हसलं, तर तो या नियमाचा भंग धरला जाईल.

नियम मोडला तर दंड नाही, उठाबशा नाहीत. पहिल्यांदा बोलणं थांबवून, खऱ्या नावाने हाक मारून तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. पुन्हा घडलं तर दैनंदिनीत नोंद. तिसऱ्यांदा तुम्हाला भेटायला बोलावेन. सगळ्यांसमोर 'सॉरी' म्हणायला मी लावणार नाही. ते सुरात म्हटलं जातं आणि ज्याला चिडवलं तो आणखी ओशाळतो. 'गंमत केली' हे कारण ऐकून घेईन, पण आधी समोरच्याला विचारेन की त्यालाही गंमत वाटली का.

नियम मलाही लागू आहे. जूनमध्ये मी एका मुलीला दोनदा 'बडबडे' म्हणून हाक मारली. तिसऱ्या दिवशी अख्खा वर्ग तिला तेच म्हणत होता. तिची मी माफी मागितली आहे.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. घरी लाडाने तुम्ही 'गुंड्या' म्हणा, 'ठमाबाई' म्हणा, त्यात मी पडणार नाही. फक्त शाळा सुटताना फाटकापाशी ती हाक मोठ्याने नको. दुसऱ्या दिवशी ती वर्गात पोचलेली असते. आणि मुलांचे व्हॉट्सअॅप ग्रुप बहुतेक तुमच्याच फोनवर आहेत. अधूनमधून त्यांवर नजर टाका. वर्गात थांबलेलं चिडवणं तिथे सुरू राहिलं, तर ते मला दिसणार नाही.

आपल्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या नावाचा त्रास होत असेल, तर दैनंदिनीत 'भेटायचं आहे' एवढंच लिहा. शब्द लिहू नका, दैनंदिनी शेजारचेही वाचतात. मी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्गातच असते. यावर सविस्तर बोलायला १९ जुलैची पालकसभा आहेच.

पत्र वाचल्याची सही मंगळवारपर्यंत दैनंदिनीत करून पाठवावी.

आपली,
वर्गशिक्षिका, सहावी 'ब'