नोंद कोणाची, वेळ कोणती, पाहिले कोणी

मेल सर्जिकल वॉर्डमधली नाईट ड्युटी संपत आली आहे. पहाटे सव्वासहाला खाट १४ च्या रुग्णाची साखर ३१२ आली. सिस्टरने आकडा संगणकात भरला, ऑर्डरप्रमाणे रेग्युलर इन्सुलिन ८ युनिट दिले, आणि 'डोस दिला' अशी खूण करायच्या आत कॅज्युअल्टीतून पोटात भोसकलेला रुग्ण वर आला. पुढचा दीड तास संगणकाकडे कोणी फिरकले नाही. पावणेआठला चार्ज घेणाऱ्या सिस्टरला पडद्यावर दिसले ते एवढेच: साखर ३१२, इन्सुलिनची ऑर्डर, डोसचा रकाना रिकामा. तिने पुन्हा ८ युनिट दिले, आणि नऊच्या आधीच रुग्ण घामाने डबडबून बडबडायला लागला. प्रसंग वर्गासाठी रचलेला आहे, पण नाईट केलेल्या कोणालाही तो परका वाटणार नाही.

कागदी केस पेपरच्या काळातही हे घडू शकत होते. फरक असा की तेव्हा सकाळची सिस्टर खात्री करायला रात्रीच्या सिस्टरला एकदा तरी विचारायची. पडद्यावरच्या नोंदीवर माणसे जास्त विश्वास ठेवतात. रिकामा रकाना म्हणजे 'अजून भरलेले नाही' असे कोणी समजत नाही. 'दिलेले नाही' असेच समजतात. इलेक्ट्रॉनिक नोंदीवरून पुढच्या दहा मिनिटांतला निर्णय घेतला जातो. म्हणून डॉक्युमेंटेशन ही काम झाल्यावर करायची कारकुनी आहे, ही समजूत नर्सिंग इन्फॉर्मेटिक्सच्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी सोडून द्यावी. औषध देण्याचे काम नोंद झाल्यावरच पुरे होते.

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात: काय केले, कोणी केले, केव्हा केले. 'काय' बद्दल आपण बराच काळ शिकवत आलो आहोत. गडबड उरलेल्या दोन गोष्टींत होते, आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयताही त्या दोन गोष्टींवरच उभी आहे.

आधी वेळ. चांगल्या प्रणालीत प्रत्येक नोंदीला दोन वेळा जोडलेल्या असतात, कृतीची आणि टंकनाची. पहिली सिस्टर सांगते, दुसरी संगणक स्वतः उमटवतो. पहाटेचा डोस आठला नोंदवायचा असेल, तर कृतीची वेळ ६.१५ लिहावी आणि उशिराची नोंद म्हणून कारण द्यावे. उशिराची नोंद हा गुन्हा नाही. मात्र नाईटभरचे बीपी, पल्स, इनटेक-आउटपुट सकाळी सातला एका बैठकीत भरून प्रत्येकाला १०, २, ६ अशा गोल वेळा देणे ही बनवाबनवी आहे. कोणी काय केव्हा भरले हे संगणक आपोआप जपतो, त्या ऑडिट ट्रेलमध्ये बत्तीस रुग्णांच्या नोंदी सात ते सव्वासातच्या दरम्यान पडलेल्या दिसतात आणि चौकशी समितीसमोर, ग्राहक आयोगासमोर किंवा न्यायालयात तेवढे एक पान पुरेसे होते. त्याहून वाईट परिणाम रुग्णावर होतो. अर्ली वॉर्निंग स्कोअर आकड्यांवर चालतो. चारला घसरलेले बीपी सातला भरले, तर प्रणालीची धोक्याची सूचनाही सातलाच वाजणार.

चूक दुरुस्त करण्याचा नियम कागदावरचाच आहे: एक रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी सही. संगणकात 'दुरुस्ती' हा पर्याय जुनी नोंद जपून नवी जोडतो. नोंद सरसकट पुसण्याची सोय एखादी प्रणाली देत असेल, तर ती प्रणालीच सदोष आहे आणि तसे खरेदी समितीला स्पष्ट सांगावे.

कॉपी-फॉरवर्ड हा आणखी एक मोह. कालची नर्सिंग नोट उचलायची, तारीख बदलायची. त्यामुळे कॅथेटर काढून दोन दिवस झाले तरी 'कॅथेटर पेटंट, युरीन क्लिअर' असे वाक्य चालत राहते. असे एक वाक्य सापडले की वाचणारा त्या नर्सच्या बाकीच्या खऱ्या नोंदींवरही विश्वास ठेवत नाही.

आता नाव. वॉर्डात सकाळी एका सिस्टरचे लॉगिन उघडते आणि दिवसभर सगळे त्यावरच काम करतात. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. हे इतके सर्रास आहे की त्यात काही गैर आहे असे नव्या मुलींना वाटतच नाही. पण लॉगिन ही सही आहे. तुमच्या नावाने दुसऱ्याने दिलेले पोटॅशियम क्लोराइड कागदोपत्री तुम्ही दिलेले असते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात दाखल करण्याची रीत सांगते. एमएलसी केसमध्ये नोंद पुढे आली आणि त्या वेळी ती सिस्टर रजेवर होती असे निघाले, तर केवळ तीच अडचणीत येत नाही. सगळ्या रेकॉर्डची विश्वासार्हता जाते.

लॉगिन सामायिक असले की गोपनीयताही उरत नाही, कारण 'पाहिले कोणी' या प्रश्नाला उत्तर राहत नाही. विद्यार्थी गोपनीयता म्हटले की हॅकर डोळ्यांसमोर आणतात. वॉर्डातली गळती बहुधा इतकी नाट्यमय नसते. गावातला नगरसेवक ॲडमिट झाला की तीन मजल्यांवरून त्याचे रिपोर्ट उघडले जातात. आपल्याच स्टाफमधल्या मुलीची प्रेग्नन्सी टेस्ट कोणीतरी 'सहज' पाहते. मॉनिटरचा फोटो आरएमओला व्हॉट्सॲपवर जातो आणि त्यात रुग्णाचे नाव, वय, आयपीडी क्रमांक स्वच्छ दिसतात. तो फोटो सिस्टरच्या खासगी मोबाइलच्या गॅलरीत वर्षभर राहतो. नियम सोपा आहे: त्या क्षणी त्या रुग्णाच्या उपचाराशी तुमचा संबंध नसेल, तर रेकॉर्ड उघडायचे नाही. अधिकार आहे म्हणून कारण निर्माण होत नाही. आपत्कालीन प्रवेशाची सोय असते, पण तिथे कारण लिहावे लागते आणि नंतर ते तपासले जाते.

नातेवाइकांचा मुद्दा आपल्याकडे अवघड आहे. फोनवर "सिस्टर, मी त्यांची धाकटी सून बोलतेय, रिपोर्ट काय आला?" असे विचारणारी खरोखर सून असते आणि काळजीतही असते. तरीही "ताई, फोनवर सांगता येत नाही, पेशंटने ज्यांचे नाव लिहून दिले आहे त्यांनाच डॉक्टर सांगतील" हे उत्तर सवयीचे करावे लागेल. ॲडमिशनच्या वेळीच कोणाला माहिती द्यायची हे रुग्णाला विचारून रेकॉर्डमध्ये नोंदवले, तर रात्री दोन वाजता हा वाद उरत नाही.

कायद्याचे चित्र थोडे विखुरलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम वैद्यकीय नोंदी आणि शारीरिक-मानसिक आरोग्याची माहिती संवेदनशील मानतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातली बहुतेक कर्तव्ये टप्प्याटप्प्याने, १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू व्हायची आहेत. या कायद्यात आरोग्याच्या माहितीचा वेगळा 'संवेदनशील' वर्ग नाही, याचे मला आश्चर्य वाटते. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड संस्थेवर पडतो; नर्सवर येते ती खात्यांतर्गत चौकशी. जिवाला धोका असलेल्या वैद्यकीय आणीबाणीत संमतीसाठी थांबावे लागत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

वॉर्डात रोज लागणारा कायदा मात्र २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आहे. रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. उपचारात सहभागी असलेल्यांना उपचारासाठी सांगण्याची मुभा आहे, तीही गरजेपुरती. पूर्वी फाइलवर लाल शाईत लिहायचे किंवा खाटेला पाटी लावायचे. आता तेच काम पडद्यावरच्या लाल पट्टीने होते, आणि ती पट्टी बिलिंगच्या काउंटरवरही झळकते. युक्तिवाद असा होतो की स्टाफच्या सुरक्षेसाठी कळायला हवे. हा युक्तिवाद टिकत नाही. प्रमाणित दक्षता प्रत्येक रुग्णासाठी घ्यायच्या असतात. विंडो पीरियडमधल्या रुग्णाचा रिपोर्ट निगेटिव्हच येतो. पट्टी पाहून हातमोजे घालणारी नर्स त्या रुग्णाच्या शेजारच्या खाटेवर असुरक्षितच असते. म्हणून कोणत्या भूमिकेला कोणता रकाना दिसावा, हे ठरवण्याच्या बैठकीत नर्सने बसलेच पाहिजे. ते काम सॉफ्टवेअर कंपनीवर सोपवले, की सगळ्यांना सगळे दिसते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे नोंद रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जाऊ लागली आहे. १४ अंकी आभा क्रमांकाला जोडलेला डिस्चार्ज समरी दुसऱ्या रुग्णालयाला हवा असेल, तर रुग्ण संमती देतो. संमतीत कशासाठी, कोणत्या काळातली नोंद, किती मुदतीपर्यंत हे ठरलेले असते आणि ती मागेही घेता येते. रांग लांब आहे म्हणून रुग्णाचा मोबाइल हातात घेऊन त्याचा ओटीपी आपणच टाकणे, याला संमती म्हणत नाहीत. आभा काढणे ऐच्छिक आहे, हेही काउंटरवर सांगायला हवे. नोंद अशी फिरणार असेल तर तिची भाषाही सर्वांना कळणारी हवी. म्हणूनच आजारांना आणि तपासण्यांना ठरलेली नावे व संकेतांक देणारी स्नोमेड सीटी आणि लॉइंकसारखी प्रमाणे आली. पुण्यातल्या सी-डॅकमधले राष्ट्रीय संसाधन केंद्र त्यावर काम करते. पेनिसिलिनची ॲलर्जी मोकळ्या मजकुरात लिहिली, तर ॲमॉक्सिसिलिनची ऑर्डर पडताना संगणक बहुधा गप्प बसतो. ठरलेल्या रकान्यात निवडली, तर अडवू शकतो.

आणि प्रणाली बंद पडली तर? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि ओपीडी, ॲडमिशन, लॅबची कामे कित्येक दिवस हाताने, कागदावर चालली. त्या दिवसांत छापील फॉर्म कपाटात आहेत की नाहीत, यावर सगळे अवलंबून असते. डाउनटाइमचे फॉर्म प्रत्येक वॉर्डात ठेवावेत, त्यावर वेळ आणि पूर्ण नाव लिहावे. प्रणाली परत आल्यावर आधी ॲलर्जी, चालू औषधे आणि शेवटचा डोस भरावा, मग बाकीचे. मूळ कागद स्कॅन करून जपावेत. कागद संगणकात चढवला की फाडून टाकायची घाई करू नये. केंद्राच्या सीईआरटी-इन संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना सहा तासांत कळवावी लागते, त्यामुळे 'संगणक विचित्र वागतोय' हे सकाळपर्यंत राखून न ठेवता लगेच आयटी विभागाला सांगणे हेही नर्सचेच काम.

या सगळ्यात नर्सला उपदेश करणे सोपे आहे. दोन सिस्टर, बत्तीस रुग्ण आणि एकच संगणक, तोही दर पाच मिनिटांनी लॉगआउट होणारा, अशा वॉर्डात सामायिक पासवर्ड हा आळस नसून टिकून राहण्याची युक्ती असते. म्हणून इन्फॉर्मेटिक्सच्या विद्यार्थ्याने प्रकल्प निवडताना नवे ॲप बनवण्याआधी घड्याळ घेऊन एका नाईटला बसावे. लॉगिनला किती सेकंद लागतात, एक डोस नोंदवायला किती क्लिक लागतात, कोणता रकाना कोणीच वाचत नाही आणि तरी भरावा लागतो, हे मोजावे. त्या मोजणीवरून कार्ड टॅप करून उघडणारे लॉगिन, खाटेजवळ नेता येणारा टॅबलेट किंवा दहा निरुपयोगी रकाने काढून टाकण्याचा प्रस्ताव मेट्रनसमोर ठेवता येतो. पासवर्ड बदलण्याचे परिपत्रक त्यानंतर काढावे.