साडेचौतीस

गणपतीच्या आदल्या आठवड्यात भोसले कंडक्टर खाकीचं कापड घेऊन कराड स्टँडमागच्या दत्तूमामांकडे आले. मामांनी गळ्यातली टेप काढली, कमरेला लावून आत दोन बोटं सरकवली आणि नेहमीसारखे ओरडले, "कमर अडतीस! सीट बेचाळीस! मांडी पंचवीस!" पप्पूनं वहीत लिहून घेतलं.

दिवाळी झाली आणि तीच पँट परत आली. "सैल पडतीय मामा. पहाटे चालायला जातोय ना!"

टेप छत्तीसवर भिडली. मामांनी मागची शिवण उसवली, दोन्हीकडून एकेक इंच आत घेतलं आणि उतार पार सीटपर्यंत नेला. नुसती कमर घेतली की मागं फुगा येतो. उरलेलं मार्जिन पप्पू कापायला निघाला, तर मामांनी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

संक्रांतीला टेप साडेचौतीसवर आली. मामांना पहिला संशय टेपेचाच आला. ताणलेली टेप माप कमी दाखवते. लोखंडी गजावर धरून पाहिली, छत्तीसला छत्तीस. मग मांडी मोजली. बावीस. चालून पोट उतरतं, मांडी अशी वाळत नाही.

या खेपेला मामा ओरडले नाहीत. आकडे स्वतःच लिहिले. भोसल्यांनी तांब्या रिकामा केला आणि पप्पूला पुन्हा भरून आणायला सांगितलं. तिळगुळाचा डबा पुढं केलेला होता, तो मामांनी उगाच कपाटात ठेवला.

आता मागून घेतलं असतं तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटले असते. बेल्टपट्टी सोडवून बाजूच्या शिवणी घ्याव्या लागल्या, लूप सरकवावे लागले. अर्ध्या दिवसाचं काम, मजुरी साठ रुपये.

मार्चमध्ये तेहतीस. पँट नेताना भोसल्यांना खिशात पावती सापडली. पैशाच्या जागी मामांच्या अक्षरात आकडे होते: ऑगस्ट ३८, नोव्हेंबर ३६, जानेवारी ३४॥, मार्च ३३. खाली एक ओळ: 'मांडीही उतरली. रक्त तपासा.'

"हे काय मामा?"

"घरी जाऊन वाचा."

जूनच्या पहिल्या पावसात भोसले आले. "साखर निघाली. तीनशे साठ. गोळ्या चालू आहेत." जरा थांबून म्हणाले, "पँट दाटतीय."

मामांनी टेप लावली, दोन बोटं सरकवली.

"कमर साडेचौतीस!" समोरच्या चहावाल्यानं मान वळवून पाहिलं. "पप्पू, लिही! आणि मागची शिवण उसव, पाऊण-पाऊण इंच सोड."

पप्पूनं ब्लेडनं टीप तोडली. मार्जिन जागेवरच होतं. शिवणीत दडलेलं कापड बाहेर आलं, ते अजून नव्यासारखं गडद खाकी होतं. भोवतीचं सगळं धुऊन फिकं पडलेलं.

"पट्टा दिसणार," पप्पू म्हणाला.

"दिसू दे," म्हणत मामांनी ओला रुमाल टाकून त्यावर इस्त्री टेकवली.