सही करण्याआधी: रक्त चढवण्याबद्दल

ताई, पेन जरा बाजूला ठेवा. सही नंतर करा, आधी मी काय सांगते ते ऐका.

तुमचं हिमोग्लोबिन ५.८ आहे. अंगावरून जाणं थांबलेलं नाही आणि परवा ऑपरेशन आहे. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकने वाढतं, म्हणून दोन पिशव्या मागवल्यात. लोहाचं इंजेक्शनही देता येतं, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही.

तुमचा गट बी निगेटिव्ह. म्हणजे तुमच्या लाल पेशींवर 'बी' ही खूण आहे आणि रक्तात 'ए'च्या विरोधातली प्रतिपिंडं जन्मानंतर काही महिन्यांतच आपोआप तयार झालेली आहेत. ए गटाचं रक्त गेलं तर ती त्या पेशी लगेच फोडतात. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. निगेटिव्ह म्हणजे आरएचची 'डी' खूण तुमच्याकडे नाही. तुमचा भाऊ 'मी ओ पॉझिटिव्ह, माझं कुणालाही चालतं' म्हणत होता. त्याची माया कळते मला, पण ते रक्त तुम्हाला नको. पॉझिटिव्ह रक्ताने तुमच्या शरीरात डी-विरोधी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढे पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असलं तर ती त्याच्या रक्तपेशींवर हल्ला करतात. तुम्हाला दुसरं मूल हवंय, म्हणून मी याबाबत इतकी हट्टी आहे.

आता धोके. थंडी वाजून ताप येणं किंवा अंगावर पित्त उठणं हे त्यातल्या त्यात जास्त दिसतं आणि औषधाने आटोक्यात येतं. क्वचित फुप्फुसात पाणी साठून दम लागतो. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया यांच्यासाठी प्रत्येक पिशवी तपासलेली असते. तरीही अगदी ताजा संसर्ग चाचणीतून निसटू शकतो. धोका फार कमी आहे, पण शून्य आहे असं मी सांगणार नाही.

चुकीचा गट जातो तो बहुतेक वेळा नावांच्या गोंधळामुळे. म्हणून सिस्टर ओळखत असूनही तुम्हाला नाव विचारतील, हातातला पट्टा पिशवीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहतील. वैतागू नका, पूर्ण नाव सांगा. पहिली पंधरा मिनिटं रक्त हळू सोडतात. तेव्हा कंबर दुखली, छाती भरून आली, उगाच जीव घाबरला तर लगेच हाक मारा, 'थोडं थांबून बघू' म्हणू नका. घरी गेल्यावर दोन आठवड्यांत डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी या.

नको वाटलं तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. तसं झालं तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल आणि तोवर रक्तस्राव वाढला तर जिवाला धोका आहे, हेही स्पष्ट सांगते.

आता मला सांगा, याआधी कधी रक्त चढवलंय का? डी-विरोधी प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते अँटी-डीचं इंजेक्शन पहिल्या बाळंतपणानंतर दिलं होतं का? आठवत नसेल तर आईला फोन लावून विचारा, मी इथेच बसते.