सासूबाईंची साखरेची नवी गोळी आणि सततची मळमळ : औषध दुकानदारांना पत्र

तासगाव

महोदय,

स. न. वि. वि.

अकरा दिवसांपूर्वी माझ्या सासूबाईंसाठी (वय ६४) आपल्या दुकानातून मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमच्या दोन स्ट्रिप्स नेल्या होत्या. सांगलीच्या डॉक्टरांनी ही गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायला सांगितली आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल ७.९ आला, म्हणून ही गोळी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झाली. डॉक्टर शनिवारपर्यंत बाहेरगावी आहेत आणि तोवर थांबण्याचा धीर होत नाही, म्हणून आपल्याला लिहीत आहे.

तिसऱ्या दिवसापासून त्यांना मळमळ सुरू झाली, ती आता जवळजवळ दिवसभर असते. उलटी एकदाच झाली, पण फोडणीचा वास आला तरी त्या उठून अंगणात जाऊन बसतात. पूर्वी दोन भाकऱ्या सहज खाणाऱ्या बाईंना आता चतकोर भाकरी कढीत कुस्करून दिली तरी जात नाही. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव राहते, असे त्या म्हणतात. पोटही दोन-तीनदा बिघडले. त्यातच स्ट्रिप फोडली की गोळीला मासळीसारखा वास येतो. सासूबाई माळकरी आहेत, त्यामुळे त्या वासानेच निम्मी मळमळ होत असेल, असे मला वाटते. गोळी खराब झाली आहे की या औषधाचा वासच तसा असतो, हे कृपया सांगावे. मुदत अजून दीड वर्षाची आहे, ती मी पाहिली.

आता आमच्याकडून झालेली चूकही सांगते. सासूबाई सहा वर्षांपासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी अनशापोटी घेतात. नवी गोळी त्याच डबीत ठेवल्यामुळे पहिले सात दिवस सकाळची मेटफॉर्मिनही त्यांनी तिच्याबरोबरच, रिकाम्या पोटी घेतली, आणि वर फक्त कपभर चहा. हे मला गेल्या गुरुवारी डबी भरताना कळले. तेव्हापासून मी समोर बसून, दोन घास पोटात गेल्यावरच गोळी देते. मळमळ थोडी कमी झाली आहे, पण गेलेली नाही. हा त्रास रिकाम्या पोटी घेतल्यामुळेच झाला असेल, तर तो ओसरायला आणखी किती दिवस लागतील?

दुसरी शंका मला जास्त छळते आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नावापुढे ‘एसआर’ ही अक्षरे आहेत. आम्हाला मिळालेल्या स्ट्रिपवर मात्र ती कुठेच नाहीत, नुसते मेटफॉर्मिन ५०० लिहिले आहे. पोटात हळूहळू विरघळणारी गोळी निराळी असते आणि तिने पोटाला त्रास कमी होतो, असे माझ्या नणंदबाईंकडून ऐकले. त्यांना स्वतःला तीच चालू आहे. त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि मीही घाईत होते, तेव्हा दोष देण्याचा हेतू नाही. तरीही चिठ्ठीचा आणि स्ट्रिपचा फोटो सोबत पाठवत आहे; दोन्ही ताडून पाहावे आणि गोळी बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारावे लागेल की चिठ्ठीच पुरेशी आहे, हे कळवावे. गोळी मोठी आहे म्हणून सासूबाई ती अर्धी तोडून गिळतात. एसआर गोळी मिळाली तर ती तोडलेली चालणार नाही ना?

शेजारच्या काकू म्हणतात, गोळी बंद करा आणि काडेचिराइताचा काढा द्या. काढ्याने मळमळ थांबेल कशी, ती वाढेलच, असे माझे मत. पण गोळी मनाने बंद करण्याची हिंमतही मला होत नाही. उलट, त्या इतके कमी खात असताना गोळी चालू ठेवली तर साखर एकदम खाली जाईल, ही भीती आहे. घरच्या यंत्रावर काल उपाशीपोटी १३४ आणि आज १२६ आली. रक्तदाबासाठी त्या अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम घेतात. साखरेची दुसरी कोणतीही गोळी चालू नाही. मूत्रपिंडाची तपासणी गोळी सुरू करण्याआधी झाली होती आणि क्रिएटिनिन ०.९ होते. मात्र सध्या पाणीही त्यांना बेताचेच जाते. उलट्या वाढल्या, पोटात दुखू लागले, धाप लागली किंवा फार गळून गेल्या, तर डॉक्टर परतण्याची वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा, असे मी ठरवले आहे. यात आणखी कोणती लक्षणे धरावीत?

रात्रीचे जेवण आमच्याकडे साडेआठला होते. आजची गोळी द्यायची की नाही, एवढे तरी त्याआधी फोनवर सांगितलेत तर फार उपकार होतील. उरलेल्या गोळ्या मी तशाच ठेवल्या आहेत. बदलून देता येत असेल तर उद्या सकाळी दुकान उघडताच घेऊन येते.

आपली नेहमीची ग्राहक