दहा गुंठे पॉलीहाऊस : खर्च-उत्पन्नाचं अंदाजपत्रक (शेत कळमेश्वर तालुका, जि. नागपूर)

बाबा, काका,

बँकेच्या कागदांवर सही करण्याआधी हे दोघांनी नीट वाचा. कोटेशनवाल्याने दिलेला नफ्याचा कागद बाजूला ठेवून मी आकडे पुन्हा मांडले. त्याने शेणखत आणि माती धरलीच नव्हती, आणि काळ्या जमिनीत खरा पैसा तिथेच जातो.

अ) एकदाचा खर्च

सांगाडा 28 × 36 मीटर, म्हणजे 1,008 चौ.मी. जीआय पाइप, 200 मायक्रॉनची फिल्म, बाजूंना कीडरोधक जाळी, आत शेडनेट, फाउंडेशन आणि जोडणी मिळून 1,150 रु. चौ.मी. : 11,59,200

जमीन : आपली माती पावसात फुगते अन् उन्हात भेगाळते. खांबांचे खड्डे खोलच घ्यायचे, कोटेशनमध्ये तसं लिहून घ्यायचं. बेडसाठी लाल माती 28 ब्रास × 1,600 = 44,800. शेणखत 6 ट्रॉली × 4,000 = 24,000. धानाचं तूस मौद्याकडच्या राइस मिलमधून, भाड्यासह 8,000. जेसीबी 12 तास × 1,300 = 15,600. एकूण 92,400

ठिबक : 18 बेड, प्रत्येकी 33 मीटर, बेडवर दोन नळ्या. इनलाइन लॅटरल 1,200 मी. × 12 = 14,400. सबमेन व व्हॉल्व्ह 16,000. सँड व डिस्क फिल्टर 22,000. व्हेंचुरी 4,600. पाच हजार लिटरची टाकी 32,000. फॉगर व त्याचा पंप 41,000. एकूण 1,30,000

वादळ-गारपिटीसाठी हाताशी : 48,400

सगळं मिळून 14,30,000. त्यातले 9 लाख कर्ज, 5 लाख 30 हजार संत्र्याच्या पैशातून. पहिली तोडणी नोव्हेंबरमध्ये, तोवरच्या खत-मजुरीसाठी आणखी एक लाख वेगळा हवा.

आ) पिकांचं वर्ष

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगीत ढोबळी मिरची. बेडवर नागमोडी दोन ओळी, दोन रोपांत 45 सें.मी., म्हणजे 2,640 रोपं. मर धरून 2,775 घ्यायची, 12 रु. प्रमाणे 33,300. रोपं घेताना ट्रेमधून एकदोन काढून मुळं बघायची. पांढरी, गच्च असली तर घ्यायची, तपकिरी असतील तर गाडी परत पाठवायची.

तोडणी नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेर. मे महिन्यात आत काहीच लावायचं नाही. 45 अंशांत फॉगर चालवून पीक जगवणं परवडत नाही, त्यात थ्री फेज पाळीपाळीनं येते. बेड भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घालायचं आणि ऊन मातीला तापवू द्यायचं. सूत्रकृमी-बुरशीवर हा उपाय फुकटात होतो. जून ते ऑगस्ट काकडी.

इ) वर्षाचा चालू खर्च

मिरची : रोपं 33,300, विद्राव्य खतं 65,000, फवारणी 40,000, सुतळी-तार 14,000, खोके व कळमना मार्केटपर्यंत वाहतूक 30,000. एकूण 1,82,300
काकडी : बियाणं 18,200, खतं 20,000, फवारणी 12,000, वाहतूक 18,000. एकूण 68,200
मजुरी : जोडप्याचे महिना 18,000, पण ते संत्र्याच्या बगिच्यातही राबतात म्हणून अर्धेच इथे धरले : 1,08,000. तोडणीच्या बाया 80 दिवस × 300 = 24,000
वीज-डिझेल : 18,000

एकूण 4,00,500

ई) उत्पन्न

मिरची : 2,500 झाडं टिकली आणि झाडाला 3 किलो धरले तर 7,500 किलो. पहिली प्रत 5,250 किलो × 70 = 3,67,500. दुसरी प्रत 2,250 × 30 = 67,500.
काकडी 6,000 किलो × 20 = 1,20,000.

एकूण 5,55,000, म्हणजे शिल्लक 1,54,500.

आता यातून साडेदहा टक्क्यांचं व्याज पहिल्या वर्षी 94,500. फिल्म चारएक वर्षांनी बदलावी लागते, लाखभर खर्च, म्हणून वर्षाला 25,000 बाजूला. उरले 35,000. यातून मुद्दल फिटत नाही.

अनुदान 50 टक्के असलं तरी ते सरकारी मापदंडावर मोजतात, आपल्या कोटेशनवर नाही. शिवाय बांधून, तपासणी झाल्यावर येतं. मी साडेचार लाखच धरले. ते कर्जात वळते झाले की व्याज 47,250 आणि मुद्दलाचा सात वर्षांचा हप्ता साधारण 64,300. फिल्मचे 25,000 काढून हाती 17,950 उरतात. म्हणून पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक खड्डासुद्धा खोदायचा नाही.

काका, तुम्ही म्हणता झाडाला चार किलो काढू. निघतीलही, पण भाव बघा. पहिल्या प्रतीला 70 ऐवजी 60 मिळाले तर 52,500 कमी, आणि आपण पस्तीस हजारांच्या घाट्यात. 80 मिळाले तर तेवढेच वर. धरमपेठ-सीताबर्डीच्या हॉटेलवाल्यांना लाल-पिवळी मिरची आठवड्याला ठरल्या मापात लागते. निदान दोघांशी तरी बोलून भाव पक्का व्हायला हवा, नंतर रोपांचं बुकिंग. ते काम मी दिवाळीच्या सुटीत करतो. म्हणजे पहिली लागवड पुढच्या सप्टेंबरला, यंदा नाही.

बाबा, विहिरीची एप्रिलमधली पातळी तेवढी मोजून कळवा. मिरचीला त्या महिन्यात रोज सहा हजार लिटर लागतील, संत्र्याचं पाणी सोडून.